पागोळी, पाऊस आणि पॅराशूट: टर्मिनल वेग कसा काढायचा आणि तो गाठायला किती वेळ लागतो

कौलारू घराच्या पडवीसमोर पावसाळ्यात पागोळ्यांखाली खड्ड्यांची एक सरळ रांग पडते. पाऊस अंगणभर पडत असतो, पण मातीत बोटभर खोल खळगे होतात ते त्या एका रेषेतच. 'एकाच जागी सारखं पाणी पडतं म्हणून' हे उत्तर आम्हाला लहानपणी मिळायचं, आणि ते चूक नाही. तरी एक शंका उरतेच. पावसाचा थेंब दोनेक किलोमीटरवरून येतो, पागोळी जेमतेम तीन मीटरवरून. मग मार वरून आलेल्या थेंबाचा कितीतरी जास्त बसायला नको का?

हवा नाहीच असं धरून शाळेतलं v = √(2gh) वापरलं, तर २ किलोमीटरवरून आलेला थेंब सेकंदाला १९८ मीटरने, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरच्या वर वेगाने डोक्यावर बसेल. प्रत्यक्षात २ मिलिमीटर व्यासाचा, अगदी रोजचा म्हणावा असा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरनेच येतो. ताशी २३ किलोमीटर, जोरात मारलेल्या सायकलइतका. हा आकडा कसा निघतो, आणि थेंबाला तो वेग गाठायला किती अंतर पडावं लागतं, हे आपण इथे हाताने काढू. मग तीच सूत्रं विमानातून उडी मारणाऱ्या माणसाला लावू.

एक शब्द आधी नक्की करतो. पाठ्यपुस्तकांत 'अंतिम वेग' हा शब्द v = u + at मधल्या v लाही वापरतात, त्यामुळे गोंधळ होतो. म्हणून मी सरळ 'टर्मिनल वेग' म्हणणार आहे.

## पायरी १: दोन बलं समोरासमोर मांडा

पडणाऱ्या वस्तूवर खाली ओढणारं वजन mg असतं आणि ते बदलत नाही. वर ढकलणारा हवेचा रोध मात्र वेगाबरोबर वाढत जातो:

F = ½ · ρ · Cd · A · v²

इथे ρ ही हवेची घनता. जमिनीलगत २० अंश सेल्सिअसला ती दर घनमीटरला १.२ किलो धरायची. A म्हणजे वस्तूची समोरून दिसणारी सावली, आणि Cd हा रोधगुणांक, ज्याला एकक नसतं. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो, त्यामुळे कधी ना कधी तो वजनाला गाठतोच. दोन्ही सारखे झाले की त्वरण शून्य होतं. तोच टर्मिनल वेग:

v_t = √( 2mg / (ρ · Cd · A) )

गोल थेंबासाठी वस्तुमान व्यासावरूनच येतं, म्हणून सूत्र आणखी सुटसुटीत होतं:

v_t = √( 4 · g · d · ρw / (3 · Cd · ρ) )

d हा व्यास मीटरमध्ये आणि ρw ही पाण्याची घनता, १००० किलो प्रति घनमीटर.

२ मिमीचा थेंब घेऊ आणि Cd तूर्त ०.५ धरू. अंशात ४ × ९.८१ × ०.००२ × १००० = ७८.५. छेदात ३ × ०.५ × १.२ = १.८. भागाकार ४३.६, त्याचं वर्गमूळ ६.६. म्हणजे टर्मिनल वेग सेकंदाला ६.६ मीटर.

या टप्प्यावर मुलं हमखास दोन चुका करतात. A च्या जागी πr² ऐवजी गोलाचं पूर्ण पृष्ठफळ 4πr² घालतात, की उत्तर बरोबर निम्म्यावर येतं. किंवा d च्या जागी त्रिज्या घालतात, मग उत्तर १.४ पटीने कमी येतं. आपलं उत्तर खऱ्यापेक्षा नेमकं निम्मं किंवा नेमकं १.४ पट कमी दिसलं, तर Cd ला दोष देण्याआधी हे दोन तपासावेत.

## पायरी २: Cd कुठून आणायचा

वरचं ०.५ मी हवेतून काढलं नव्हतं, पण २ मिमीला ते इतकं छान जमतं हा निव्वळ योग आहे. Cd हा थेंबाचा स्थायी गुण नाही. थेंब किती मोठा आणि किती वेगात आहे त्यावर तो ठरतो, आणि वेग तर आपल्याला Cd वरूनच काढायचा आहे. हा पेच सोडवायला रेनॉल्ड्स अंक लागतो:

Re = v · d / ν

ν म्हणजे हवेची गतिकीय श्यानता. हवेचा चिकटपणा भागिले तिची घनता, २० अंशाला ०.००००१५, अर्थात 1.5 × 10⁻⁵ चौरस मीटर प्रति सेकंद. Re १००० च्या खाली असेल तर गोलासाठी हे सूत्र चांगलं चालतं:

Cd = (24 / Re) · (1 + 0.15 · Re^0.687)

आता १ मिमीचा थेंब घेऊ. अंदाज, वेग, Re, नवा Cd, पुन्हा वेग असं फिरत राहायचं.

पहिली फेरी. Cd = ०.५ धरला, तर वेग ४.६७ मी/से. त्यावरून Re = ३११, आणि सूत्रातून Cd = ०.६७ येतो.

दुसरी फेरी. Cd = ०.६७ ने वेग ४.०२ मी/से. Re = २६८, Cd = ०.७१५.

तिसरी फेरी. वेग ३.९०, Re = २६०, Cd = ०.७२.

चौथ्या फेरीत वेग ३.८८ वर येतो आणि तिथेच थांबतो. दोन लागोपाठच्या फेऱ्यांत एक टक्क्याहून कमी फरक पडला की पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण सूत्रच तेवढं अचूक नाही.

हे उत्तर कशाशी ताडून बघायचं? रॉस गन आणि गिल्बर्ट किन्झर या दोघांनी १९४९ मध्ये अमेरिकेत केलेली मोजणी आजही प्रमाण मानतात. त्यांनी थेंबांना विद्युतभार दिला आणि स्थिर हवेत ते कड्यांमधून पडू दिले. थेंब कड्यातून गेला की विजेची खूण उमटायची, दोन खुणांमधल्या वेळावरून वेग मिळायचा. त्यांचे काही आकडे, आणि त्यावरून मी उलटं गणित करून काढलेले Cd असे:

| व्यास (मिमी) | वेग (मी/से) | Cd |
|---|---|---|
| ०.५ | २.०६ | १.२८ |
| १ | ४.०३ | ०.६७ |
| २ | ६.४९ | ०.५२ |
| ३ | ८.०६ | ०.५० |
| ४ | ८.८३ | ०.५६ |
| ५ | ९.०९ | ०.६६ |

आपण १ मिमीसाठी ३.८८ काढलं, मोजलेलं ४.०३. चार टक्क्यांची तूट, हाताने केलेल्या गणिताला उत्तमच.

तक्त्यातला शेवटचा रकाना नीट बघा. Cd आधी उतरतो आणि ३ मिमीनंतर पुन्हा चढतो. गोलाच्या सूत्रात असं काही नाही. कारण साधं आहे: थेंब गोल राहत नाही. चित्रात काढतात तसा वर टोक असलेला अश्रूसारखा तर तो कधीच नसतो. लहान थेंबाला पृष्ठताण गोल ठेवतो. मोठ्याला खालून हवा दाबते, तो खालून सपाट आणि वरून फुगीर होतो, वडापावातल्या पावाच्या वरच्या अर्ध्या भागासारखा. सावली रुंदावते, रोध वाढतो. म्हणून ४ मिमीवरून ५ मिमीवर जाताना वेग जेमतेम पाव मीटरने वाढतो, आणि ६ मिमीच्या आसपास थेंब हवेत टिकतच नाही, फुटतो. Cd सरसकट ०.५ धरून ५ मिमीचा वेग काढलात तर १०.४ येईल, खऱ्यापेक्षा पंधरा टक्के जास्त. ३ मिमीच्या वर गोलाचं सूत्र बाजूला ठेवावं आणि मोजलेला तक्ताच वापरावा, असं माझं मत.

खालच्या टोकालाही सूत्र बदलतं. ढगातला थेंब ०.०२ मिमीचा असतो. तिथे Re एकच्याही बराच खाली असतो, रोध वेगाच्या वर्गाने न वाढता सरळ वेगाच्या प्रमाणात वाढतो, आणि स्टोक्सचा नियम लागू होतो. उत्तर येतं सेकंदाला १.२ सेंटिमीटर. एक किलोमीटर उतरायला जवळपास पूर्ण दिवस. ढग 'तरंगतो' तो असा.

## पायरी ३: किती वेळ, किती अंतर

टर्मिनल वेग काटेकोरपणे कधीच गाठला जात नाही. वेग त्याच्या जवळ जात राहतो, अंतर कमी होत राहतं, शून्य होत नाही. म्हणून प्रश्न विचारतानाच 'जवळ' म्हणजे किती ते ठरवावं लागतं: ९५ टक्के की ९९.

स्थिर Cd आणि स्थिर घनता धरली, सुरुवात स्थिरावस्थेतून केली, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचं उत्तर असं निघतं:

v(t) = v_t · tanh(t / τ), जिथे τ = v_t / g

शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर tanh साठी आधी hyp आणि मग tan दाबायचं. τ चा अर्थ सोपा आहे: हवा नसती तर तो वेग गाठायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा τ. आणि सगळ्या लेखातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट या छोट्या सूत्रात आहे. τ मध्ये वस्तुमान नाही, आकार नाही, Cd नाही, घनता नाही. त्या सगळ्यांनी जे काही करायचं ते v_t मध्ये करून टाकलेलं असतं. टर्मिनल वेग एकदा कळला की तो गाठायचा वेळ आपोआप कळतो, वस्तू पाण्याची असो की हाडामांसाची.

पाठ ठेवण्यासारखे आकडे चारच. एका τ ला वेग ७६ टक्के होतो, १.४७ τ ला ९०, १.८३ τ ला ९५, आणि २.६५ τ ला ९९.

अंतरासाठी L = v_t² / g काढून ठेवायचं. ९० टक्क्यांपर्यंत ०.८३ L, ९५ पर्यंत १.१६ L, ९९ पर्यंत १.९६ L पडावं लागतं. आणि एखाद्या ठरावीक उंचीवरून पडल्यावर वेग किती, हे हवं असेल तर वेळ मध्ये आणायचीच गरज नाही:

v = v_t · √( 1 − e^(−2h/L) )

२ मिमीच्या थेंबाला हे लावू. v_t = ६.४९, म्हणून τ = ०.६६ सेकंद आणि L = ४.३ मीटर. ९५ टक्के वेग १.२ सेकंदात आणि ५ मीटरवर. ९९ टक्के पावणेदोन सेकंदांत आणि साडेआठ मीटरवर. दोन किलोमीटरच्या प्रवासात पहिले आठ-नऊ मीटर सोडले, तर बाकी सगळा वेळ थेंब एकाच वेगाने उतरत असतो. ढग एक किलोमीटरवर असो की तीन, जमिनीवर तोच वेग. फरक पडतो तो थेंबाच्या व्यासाने, आणि वाटेत हवा वर जात असेल तर तिच्याने. टर्मिनल वेग हा हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही.

या सूत्राची एक मर्यादा सांगायला हवी. थेंब हळू असताना Cd मोठा असतो हे आपण वर पाहिलंच, आणि tanh चं सूत्र मात्र तो स्थिर धरतं. सुरुवातीला रोध मुळात नगण्य असल्याने तिथे बिघडत नाही. पण शेवटच्या टप्प्यात रोध v² पेक्षा थोडा सावकाश वाढत असल्याने ९९ टक्क्यांना खरा वेळ जरासा जास्त लागतो. १ मिमीच्या वर हे दुर्लक्षिता येतं. ढगातल्या थेंबाला मात्र tanh लावूच नये. तिथे v = v_t · (1 − e^(−t/τ)) असतं आणि ९९ टक्क्यांना ४.६ τ लागतात. अर्थात τ च एक हजारांश सेकंदाच्या आसपास असल्याने तक्रार करायला जागा नाही.

## पागोळीचा हिशेब

आता अंगणात परत येऊ. कौलाच्या कडेला लोंबून सुटणारा थेंब मोठा असतो, ५ मिमीचा धरू. तक्त्यावरून v_t = ९.०९, म्हणून L = ८.४ मीटर. कौलाची कड ३ मीटरवर आहे.

2h/L = ६ भागिले ८.४ = ०.७१. e^(−०.७१) = ०.४९. एकातून वजा केले ०.५१, वर्गमूळ ०.७१. त्याला ९.०९ ने गुणलं की ६.५ मी/से.

म्हणजे तीन मीटरवरून पडलेली पागोळी आणि दोन किलोमीटरवरून आलेला २ मिमीचा थेंब, दोघंही जमिनीवर त्याच वेगाने आदळतात. पण व्यास अडीचपट म्हणजे वस्तुमान साडेपंधरापट, आणि वेग तोच, म्हणून दर थेंबामागे ऊर्जाही साडेपंधरापट. शिवाय ती रोज त्याच बोटभर जागेवर. खड्ड्यांची रांग का पडते त्याचं लहानपणी मिळालेलं उत्तर अर्धं होतं, उरलेलं अर्धं हे.

पागोळी अजून तिच्या टर्मिनल वेगाच्या ७१ टक्क्यांवरच असते हेही लक्षात घ्या. ९५ टक्क्यांसाठी तिला जवळपास १० मीटर पडावं लागेल, ९९ साठी साडेसोळा. मातीची धूप अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांना हीच अडचण येते. दोन-तीन मीटरवरून थेंब सोडणारा कृत्रिम पाऊस मोठ्या थेंबांना खऱ्या पावसाचा वेग देऊ शकत नाही, आणि धूप खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणून काही यंत्रांत नोझलमधून पाणी दाबाने खाली फेकतात, थेंबाला सुरुवातच वेगाने मिळते.

हा आकडा घरी पडताळता येतो, आणि पागोळी त्यासाठी पावसापेक्षा बरी, कारण सगळे थेंब एकाच उभ्या प्रतलात पडतात. त्याच रेषेत जमिनीपासून अर्धा मीटर उंचीची पट्टी उभी करा, मागे काळं कापड टांगा, आणि फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर 1/100 वर ठेवा. थेंबाची फोटोत एक रेघ उमटते. वेग ६.५ असेल तर जमिनीलगत ती साडेसहा सेंटिमीटरची असायला हवी, अधिक थेंबाचा स्वतःचा व्यास. फोन उभाच धरा. फोनचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने वाचतो. फोन आडवा धरला की ते वाचन थेंबाच्या पडण्याच्याच रेषेत होतं आणि रेघ सहज दहा-पंधरा टक्क्यांनी लांबते किंवा आखडते. उभ्या फोनमध्ये ती फार तर किंचित तिरकी दिसते, लांबी तशीच राहते. रेघेची मधली जागा पट्टीवर कितीवर आहे ते वाचून h त्याप्रमाणे धरायचा, कौलापासून जमिनीपर्यंतचा नव्हे.

## पायरी ४: विमानातून उडी मारलेला माणूस

माणसाला थेंबाचं सूत्र नाही, पायरी १ मधलं सर्वसाधारण सूत्र लावायचं. इथे Cd आणि A वेगवेगळे शोधण्याचा हट्ट धरू नये. पालथा, हातपाय पसरून पडणाऱ्या माणसाची 'सावली' नेमकी किती, सैल सूट धरायचा की नाही, पाठीवरची बॅग मोजायची की नाही, यावर वाद घालत बसण्यात हशील नाही. सूत्राला हवा असतो तो फक्त गुणाकार Cd·A, आणि तो मोजलेल्या वेगावरून उलटा काढता येतो.

सामानासकट ८५ किलोचा माणूस घेऊ. पालथ्या स्थितीत असे लोक ताशी २०० किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला ५५ मीटरच्या आसपास पडतात. २ किलोमीटर उंचीवर हवेची घनता १.० धरली, तर Cd·A = 2mg / (ρ v²) = १६६८ भागिले ३०२५ = ०.५५ चौरस मीटर. माणूस तोच आणि स्थिती तीच, तर हा आकडा कुठल्याही उंचीवर चालतो. डोकं खाली करून सरळ झाला तर तो खूप कमी होतो, वेग वाढतो, आणि τ सुद्धा त्याच पटीत वाढतो.

τ = ५५ / ९.८१ = ५.६ सेकंद. L = ३०८ मीटर. ९५ टक्के वेग सव्वादहा सेकंदांत, ३६० मीटर पडल्यावर. ९९ टक्के १५ सेकंदांत, ६०० मीटर पडल्यावर.

हे पटतं का? स्कायडायव्हिंग करणाऱ्यांच्या तोंडी एक ठोकताळा असतो: पहिले हजार फूट दहा सेकंदांत, पुढचे दर हजार फूट साडेपाच सेकंदांत. आपल्या सूत्राने दहा सेकंदांत ३४५ मीटर येतात, हजार फूट म्हणजे ३०५. पुढच्या टप्प्याला ३०५ भागिले ५५ = साडेपाच सेकंद, तंतोतंत. पहिल्या टप्प्यात खरा माणूस थोडा मागे का राहतो, तर तो स्थिर हवेत उभा सोडलेला नसतो. विमानाचा आडवा वेग त्याच्या अंगात असतो, पहिल्या क्षणापासून त्याला समोरून जोराचा वारा लागतो, आणि v² मुळे तो आडवा वारा उभ्या दिशेचा रोधही वाढवतो. आपल्या सूत्रात तो नाही.

दुसरी गोष्ट घनतेची. ४ किलोमीटरवर ती ०.८२ असते, १ किलोमीटरवर १.११. टर्मिनल वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून याच माणसाचा टर्मिनल वेग वर ६१ आणि खाली ५२ येतो. पॅराशूट न उघडताही तो पडता पडता मंदावत जातो! इथे tanh पुरत नाही, पावलापावलाने गणित करावं लागतं. दहा ओळी पुरतात:

```python
from math import exp
m, g, CdA = 85, 9.81, 0.55
h, v, t, dt = 4000.0, 0.0, 0.0, 0.01
while h > 1500:
    rho = 1.225 * exp(-h / 10000)
    a = g - 0.5 * rho * CdA * v * v / m
    v += a * dt
    h -= v * dt
    t += dt
print(round(t, 1), round(v, 1))
```

४ किलोमीटरवरून दीड किलोमीटरपर्यंत यायला सुमारे ४८ सेकंद लागतात आणि शेवटी वेग ५४ च्या आसपास असतो. मधले वेग छापून बघितले तर साधारण सतराव्या सेकंदाला तो ५८ च्या थोडा वर जाऊन मग उतरू लागलेला दिसतो. dt निम्मा करून पुन्हा चालवा. उत्तर हललं नाही तर पाऊल पुरेसं लहान आहे.

हीच गोष्ट टोकाला नेली १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बाउमगार्टनरने. तो न्यू मेक्सिकोवर सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून पडला. तिथे हवा इतकी विरळ की रोध नावापुरता. त्याचा वेग ताशी १३५७ किलोमीटरपर्यंत, आवाजाच्या वेगापलीकडे गेला, आणि मग हवा दाट होत गेली तसा घसरला. वरचा प्रोग्राम h = 39000 घालून चालवण्याचा मोह होईल, पण करू नका. इतक्या उंचीवर घनतेचं ते साधं सूत्र चालत नाही, आणि आवाजाच्या वेगाजवळ Cd ही बदलतो.

## पॅराशूट उघडतं तेव्हा

८ मीटर व्यासाचं गोल पॅराशूट घेऊ. सावली ५० चौरस मीटर, Cd सुमारे ०.७५. जमिनीलगत १.२ घनतेने तोच ८५ किलोचा माणूस सेकंदाला ६.१ मीटरने उतरतो. म्हणजे पावसाच्या २ मिमी थेंबाहून किंचित सावकाश, आणि त्याचा τ ही थेंबाइतकाच, ०.६२ सेकंद. वस्तुमानात दोन कोटींचा फरक असून.

पण मग ५५ वरून ६ वर तो तितक्याच झटकन येत असेल? गणित करून बघू. पॅराशूट एका क्षणात पूर्ण उघडलं असं धरलं, तर रोध वजनाच्या (५५ / ६.१)² पट, म्हणजे ८१-८२ पट होतो. वजन वजा जाता ८० g हून जास्त त्वरण वरच्या दिशेला. कापड फाटेल, दोऱ्या तुटतील, माणूस वाचणार नाही. म्हणून पॅराशूट मुद्दाम सावकाश उघडवतात. आजकालच्या चौकोनी पॅराशूटमध्ये दोऱ्यांवर स्लायडर नावाचा कापडी चौकोन असतो. हवा त्याला वर दाबून धरते, दोऱ्या एकदम फाकू देत नाही, आणि तो घसरत खाली येईपर्यंत काही सेकंद जातात. त्या वेळात A हळूहळू वाढतो, आणि v_t एका उडीत न उतरता पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. पूर्ण उघडल्यावर चौकोनी पॅराशूट पंखासारखं पुढे सरकत उतरतं. तिथे रोधाबरोबर उचल बलही असतं, आणि आपलं सूत्र तिथे थांबतं. ते गोल पॅराशूटपुरतंच.

उरला तो जमिनीचा धक्का. ६.१ मी/से हा वेग हवेविना किती उंचीवरून पडल्यावर येतो ते v² / 2g ने काढलं तर १.९ मीटर. पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून उडी मारल्यासारखं. म्हणूनच गोल पॅराशूटने उतरणारे सैनिक पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून जमिनीला टेकतात आणि लगेच पोटरी, मांडी, कूस, पाठ असे अंगावर लोळण घेतात.